जेवणानंतर, धावताना, उन्हात: रक्त कुणाकडे वळतं आणि कुणाच्या हुकमाने?

फिजिओथेरपी, नर्सिंग किंवा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला रक्ताभिसरणाचं प्रकरण आलं की त्वचा, स्नायू आणि आतडी या तिघांचे रक्तप्रवाह तीन वेगवेगळ्या पानांवर शिकवले जातात. मुलं तिन्ही पाठ करतात आणि "जेवून लगेच धावलं तर काय होईल?" असं विचारलं की अडखळतात. ही तिन्ही पानं एकाच प्रश्नाने जोडता येतात. प्रत्येक अवयवाच्या रक्तवाहिन्यांना दोन ठिकाणांहून हुकूम येतात: एक मेंदूकडून, सिंपॅथेटिक नसांमार्फत, दुसरा जागेवरून, म्हणजे त्या अवयवातच तयार होणाऱ्या रसायनांकडून. हे दोन हुकूम एकमेकांविरुद्ध गेले तर चालतं कुणाचं? तिन्ही ठिकाणी उत्तर वेगळं आहे आणि ते उत्तर धरून ठेवलं की बाकीचं बरंचसं स्वतः मांडता येतं.

पहिली पायरी: नळ कुठे आहे ते ओळखा

कोणत्याही अवयवाला मिळणारं रक्त दोनच गोष्टींवर ठरतं.

प्रवाह = दाबातील फरक ÷ रोध

धमन्यांतला दाब शरीर जवळपास स्थिर ठेवतं. त्यामुळे एखाद्या अवयवाचा वाटा वाढवायचा किंवा कमी करायचा तर रोध बदलावा लागतो, आणि रोध बदलण्याची जागा म्हणजे धमनिका, केशवाहिन्यांच्या अगदी अलीकडच्या बारीक धमन्या. त्यांच्या भिंतीत स्नायूचा थर असतो. तो आवळला की नळी अरुंद होते, सैल पडला की रुंद होते. इथे त्रिज्येचा परिणाम चौथ्या घाताने होतो. नळीची त्रिज्या फक्त १९ टक्क्यांनी वाढली की प्रवाह दुप्पट होतो. म्हणून धमनिकेतला अगदी छोटा बदलही अवयवाच्या रक्तपुरवठ्यात मोठा दिसतो.

सूत्रातला दुसरा भागही विसरू नका. एका ठिकाणच्या धमनिका मोठ्या प्रमाणावर उघडल्या की सगळ्यांचाच दाब घसरू लागतो. खालच्या मजल्यावर सगळे नळ एकदम सोडले की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, तसं. हा दाब राखण्याचं काम मेंदू करतो. मानेतल्या कॅरॉटिड धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब मोजणारी चेताग्रं असतात. त्यांच्याकडून दाब घसरल्याची खबर आली की मेंदू हृदय जोरात चालवतो आणि जिथे आवळता येईल तिथे धमनिका आवळतो. पुढे जे काही वाचाल त्याच्या मागे ही दाबाची काळजी कायम उभी आहे.

दुसरी पायरी: तिघांचा स्वभाव समजून घ्या

त्वचेपासून सुरुवात करू, कारण तिचं उत्तर सर्वांत स्पष्ट आहे. त्वचेच्या पेशींना स्वतःसाठी फारच थोडं रक्त लागतं. तिथे रक्त जातं ते मुख्यतः उष्णता बाहेर टाकायला. उष्णतेचा हिशोब ठेवणारा हायपोथॅलॅमस मेंदूत असल्यामुळे त्वचेवर हुकूमही मेंदूचाच चालतो. क्लोद बर्नार यांनी १८५१ मध्ये सशाच्या मानेतली एका बाजूची सिंपॅथेटिक नस कापली, तेव्हा त्या बाजूचा कान लाल आणि गरम झाला. नस सतत वाहिन्या आवळून धरत होती हे त्यावरून उमगलं. तळहात, तळपाय, कान, नाक, ओठ इथली त्वचा आजही याच पद्धतीने समजावून सांगितली जाते. तिथे धमनी आणि शीर यांना थेट जोडणारे आडमार्ग असतात, आणि नसांचा ताण सुटला की ते उघडतात. हात, पाय, पाठ, पोट इथल्या त्वचेत मात्र आणखी एक सोय आहे. तिथे वाहिन्या मुद्दाम रुंद करणाऱ्या वेगळ्या सिंपॅथेटिक नसा असतात, आणि घाम येण्याच्या सुमारास त्या कामाला लागतात. थंडीत त्वचेचा प्रवाह नगण्य होतो, तर कडक उष्णतेत तो मिनिटाला ७ ते ८ लिटरपर्यंत चढू शकतो. इतका मोठा फरक फक्त वरून आलेल्या हुकमाने पडतो. जागेवरची रसायनं त्वचेत अगदीच गप्प असतात असं नाही. गरम पाण्याची पिशवी ठेवलेली जागा तेवढीच लाल होते, हे काम जागेवरचंच आहे. पण वाद झाला तर मेंदू जिंकतो.

स्नायूचं उलट आहे. तुम्ही स्वस्थ बसलेले असता तेव्हा स्नायूच्या धमनिका सिंपॅथेटिक नसांनी आवळलेल्या असतात आणि १०० ग्रॅम स्नायूला मिनिटाला जेमतेम ३ ते ४ मिलिलिटर रक्त मिळतं. स्नायू काम करू लागला की आजूबाजूला पोटॅशियम, ॲडेनोसिन, कार्बन डायऑक्साइड, आम्लता वाढते, ऑक्सिजन घटतो, आणि धमनिका सैल पडतात. गंमत अशी की त्याच वेळी मेंदू सिंपॅथेटिक नसांमधून आवळण्याचा हुकूम शरीरभर आणखी जोरात सोडत असतो. काम करणारा स्नायू तो हुकूम बऱ्याच अंशी निष्प्रभ करतो. १९६२ मध्ये या घटनेला 'फंक्शनल सिंपॅथोलिसिस' असं नाव मिळालं. शेजारचा रिकामा बसलेला स्नायू मात्र तोच हुकूम ऐकून आवळतो. एकाच नसेचा एकच संदेश पायाच्या धावणाऱ्या स्नायूत फिका पडतो आणि स्वस्थ असलेल्या हातात लागू होतो, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर यंत्र वाटतं.

तरी स्नायूला पूर्ण मोकळीक देता येत नाही. गुडघा सरळ करण्याचा व्यायाम करताना मांडीच्या पुढच्या स्नायूचा प्रवाह एका किलोमागे मिनिटाला सुमारे अडीच लिटरपर्यंत मोजला गेला आहे. अंगात ३० किलो स्नायू धरले आणि सगळे एकदम असे उघडले तर मिनिटाला ६० लिटरांहून जास्त रक्त लागेल, आणि चांगल्या सरावाच्या हृदयाचीही मजल साधारण २५ लिटरांच्या आसपास असते. म्हणून सगळं शरीर वापरणाऱ्या कष्टात काम करणाऱ्या स्नायूवरही मेंदूला थोडा लगाम ठेवावाच लागतो, नाहीतर दाब कोसळेल.

आतडी या दोघांच्या मध्ये बसतात. अन्न आलं की जागेवरचा हुकूम चालतो; कष्ट, भीती, रक्तस्राव अशा वेळी मेंदूचा. अलेक्सी सेंट मार्टिन या माणसाला १८२२ मध्ये गोळी लागली आणि त्याच्या पोटाला कायमचं छिद्र राहिलं. डॉ. विल्यम बोमाँट यांना त्या छिद्रातून जठराचं अस्तर डोळ्यांनी बघता आलं. अन्न आत गेलं की फिकट गुलाबी अस्तर लाल होत असे. आतड्यात ही लाली अन्नाबरोबर पुढे सरकते. जो भाग पचलेल्या अन्नाच्या संपर्कात आहे त्याचाच प्रवाह वाढतो, पुढचा भाग वाट बघतो. आतड्याचं आणखी एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा: नसांनी आवळून धरलं तरी काही मिनिटांत तिथला प्रवाह थोडा सावरतो, कारण साठलेली रसायनं धमनिका पुन्हा सैल करू लागतात. पण आवळलेल्या शिरा आवळलेल्याच राहतात आणि त्यांत साठलेलं रक्त हृदयाकडे ढकललं जातं. पोटातला रक्तसाठा असा गरजेला उपयोगी पडतो.

तिसरी पायरी: जेवणाचा हिशोब मांडा

विश्रांतीतल्या माणसाचं हृदय मिनिटाला ५.८ लिटर रक्त बाहेर टाकतं असं धरू. त्यातलं पोटातल्या पचनाच्या अवयवांना सुमारे १४०० मिलिलिटर, मूत्रपिंडांना ११००, स्नायूंना १२००, त्वचेला ५००, मेंदूला ७५०, हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला २५० आणि उरलेलं हाडं, चरबी वगैरेंना. हे ढोबळ आकडे आहेत, पण पुढचा हिशोब करायला पुरेसे आहेत.

जेवायला बसल्यावर थोड्याच वेळात आतड्याचा प्रवाह वाढायला लागतो. जेवण संपल्यावर अर्ध्या ते एका तासात तो सर्वांत वर असतो आणि दोन-तीन तासांत हळूहळू उतरतो. भरपूर तूप-तेलाचं जेवण असेल तर आणखी वेळ लागतो. वाढ साधारण दीडपट ते दुप्पट असते. म्हणजे मिनिटाला ७०० ते १४०० मिलिलिटर जास्तीचं रक्त लागलं. हे कुठून आलं? बरंचसं हृदयाने थोडं जास्त काम करून दिलं, आणि त्याच वेळी सिंपॅथेटिक नसांनी स्नायूंच्या धमनिका थोड्या आवळून दाब सांभाळला. तरुण माणसाला यातलं काही जाणवतही नाही.

"जेवल्यावर रक्त पोटाकडे जातं, डोक्याला कमी पडतं, म्हणून झोप येते" असं घरोघरी सांगितलं जातं. हे मनातून काढून टाका. मेंदू आपला प्रवाह स्वतः जवळपास स्थिर ठेवतो. वरचे ७५० मिलिलिटर निरोगी माणसात जेवणानंतरही जवळपास तेवढेच राहतात, आणि पुढे दिसेल तसं धावतानाही. दुपारच्या पेंगेची कारणं वेगळी आहेत.

म्हाताऱ्या माणसात मात्र हा हिशोब खरोखर चुकू शकतो. वयाने, जुन्या मधुमेहाने किंवा पार्किन्सनने नसांचा प्रतिसाद मंदावला असेल तर आतडं उघडतं, पण बाकीच्या ठिकाणी आवळणं आणि हृदयाचा वेग वाढणं पुरेसं होत नाही. जेवणानंतर दोन तासांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा त्याहून जास्त अंकांनी उतरला तर त्याला जेवणानंतरचा रक्तदाबपात म्हणतात. सणाच्या जेवणानंतर आजोबा पानावरून उठले आणि भिंत धरून उभे राहिले, असं घडलं तर हे आधी आठवा. गोड आणि भातासारखं पिष्टमय जेवण यात जास्त त्रास देतं.

घरी तपासायचं असेल तर जेवणाआधी पाच मिनिटं शांत बसवून बीपी मोजा, मग जेवण झाल्यावर ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांनी त्याच हाताला, बसूनच मोजा. एकाच दिवसाच्या आकड्यावर निष्कर्ष काढू नका, दोन-तीन दिवस नोंद ठेवा आणि ती डॉक्टरांना दाखवा. तोपर्यंत जेवण लहान भागांत विभागणं, भात-गोड कमी करणं, जेवणाआधी दीड-दोन पेले पाणी देणं आणि जेवल्यावर लगेच उभं न करणं याने फरक पडतो. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल त्यांनी पाण्याचा उपाय विचारूनच करावा. बीपीची गोळी जेवणाला चिकटून घेतली जात असेल तर वेळ बदलण्याविषयीही डॉक्टरांशीच बोला, स्वतः बदलू नका.

चौथी पायरी: व्यायामाचा हिशोब मांडा

तोच माणूस जोरात धावू लागला. हृदय आता मिनिटाला १७.५ लिटर देतं. स्नायूंकडे १२,५०० मिलिलिटर जातं, त्वचेकडे १९००, हृदयाच्या स्नायूकडे ७५०, मेंदूकडे तेच ७५०. पोटातल्या अवयवांचे १४०० उतरून ६०० झाले, मूत्रपिंडांचे ११०० उतरून ६००.

इथे थांबून एक वजाबाकी करा. स्नायूंना ११,३०० मिलिलिटर जास्त मिळाले. पोट आणि मूत्रपिंडांनी मिळून १३०० सोडले. म्हणजे इतरांकडून वळवलेलं रक्त वाढीच्या जेमतेम आठव्या-नवव्या हिश्शाएवढं आहे. बाकी सगळं हृदयाने वाढवून दिलं. "व्यायामात रक्त पोटाकडून स्नायूकडे वळतं" हे वाक्य खरं आहे, पण त्यावरून पोटच स्नायूंना पोसतं असं समजू नका. पोट आवळण्याचं खरं मोल दाब राखण्यात आणि शिरांमधलं रक्त हृदयाकडे परत पाठवण्यात आहे. ज्यांचं हृदय दुबळं आहे, ज्याला वाढवून देता येत नाही, त्यांच्यात मात्र ही वळवावळव फार महत्त्वाची ठरते.

पोटाला हे सोसतं कसं? विश्रांतीत आतडं मिळालेल्या रक्तातला थोडाच ऑक्सिजन वापरतं आणि बाकीचा तसाच परत पाठवतं. प्रवाह घटला की तेच रक्त जास्त पिळून घेतं. पण याला मर्यादा आहे. आतड्याच्या अस्तरावर बोटासारखे उंचवटे असतात, त्यांत वर जाणारी आणि खाली येणारी वाहिनी अगदी शेजारून जातात, आणि ऑक्सिजनचा काही भाग टोकाला पोचण्याआधीच आडवाटेने निसटतो. प्रवाह खूप घटला की आधी ही टोकं उपाशी पडतात. लांब पल्ल्याचे धावपटू पोटात पेटके येणं, मळमळ, जुलाब आणि क्वचित शौचातून रक्त अशा तक्रारी सांगतात, त्यामागचं एक कारण हे आहे.

आता त्वचेकडे बघा. मध्यम-जोराच्या धावण्यात ती १९०० वर होती. हाच माणूस पूर्ण शक्तीनिशी धावू लागला, हृदय २५ लिटरवर गेलं, तर त्वचेचा वाटा सुमारे ६०० वर उतरतो आणि पोटाचा ३००. अंग तापत असताना त्वचेचा प्रवाह कमी केला गेला! कारण मेंदूला उष्णतेपेक्षा दाब अधिक तातडीचा वाटतो, आणि त्वचा मेंदूचं ऐकते. स्नायू ऐकत नाही, म्हणून त्याग त्वचेला आणि पोटाला करावा लागतो.

पाचवी पायरी: तिन्ही मागण्या एकत्र आल्या तर

एक प्रसंग मांडू. मे महिना, विदर्भातल्या एखाद्या गावातली दुपार, पन्नाशीचा, फारसा सराव नसलेला माणूस. एक वाजता लग्नाचं भरपेट जेवण, पावणेदोनला पोरांबरोबर क्रिकेट आणि धावा काढण्यासाठी पळापळ.

पळायला सुरुवात करताना त्याचं आतडं जेवणाच्या शिखरावर आहे. धावू लागल्यावर मेंदू ते आवळतो, पण जेवलेल्या माणसाचा पोटातला प्रवाह उपाशी माणसाइतका खाली जात नाही. ६०० ऐवजी १२०० धरू. स्नायू १२,५०० मागतात. उन्हामुळे त्वचेला १९०० पुरत नाहीत, ४००० धरू. मेंदू, हृदय, मूत्रपिंड आणि इतरांचे मिळून अडीच हजार. बेरीज वीस लिटरच्या थोडी पुढे जाते. सराव नसलेल्या पन्नाशीच्या हृदयाला वीस लिटर अवघड आहेत. त्यात घामामुळे रक्तातलं पाणी कमी होतं आणि त्वचेच्या रुंदावलेल्या शिरांत रक्त साठून राहतं, म्हणून हृदयाकडे परतणारं रक्तच घटतं. दर ठोक्याला कमी रक्त निघतं आणि हृदय वेग वाढवून भरपाई करू पाहतं.

तूट पडली की माघार कोण घेतं ते आता तुम्ही सांगू शकता. आधी पोट: मळमळ, आंबट ढेकर, कळ. मग त्वचा: ती पुरेशी उघडत नाही आणि शरीराचं तापमान चढू लागतं. स्नायू शेवटी: पाय जड होतात, वेग टिकत नाही. यापुढे डोकं दुखणं, चालताना तोल जाणं किंवा बोलण्यात विसंगती दिसली तर तो उष्माघात समजून खेळ तिथेच थांबवा, सावलीत न्या, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घाला आणि रुग्णवाहिका बोलवा. घाम चालू आहे म्हणून निश्चिंत राहू नका. कष्टातून झालेल्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. हृदयाच्या धमन्या अरुंद असलेल्यांना तर जेवणानंतर थोड्याशा चढणीलाही छातीत दुखू शकतं, जी चढण ते उपाशीपोटी सहज चढतात.

म्हणून भरपेट जेवण आणि जोराचा व्यायाम यांत दोन-तीन तास ठेवा, आणि उन्हाळ्यात ऊन उतरल्यावरच खेळा. जेवल्यावर सावकाश फेरी मारण्याला यातलं काही लागू नाही. त्या चालण्यात स्नायूंची मागणी इतकी कमी असते की कुणाचाच वाटा तोडावा लागत नाही.

सहावी पायरी: थांबताना घाई करू नका

धावताना पोटरीचे स्नायू प्रत्येक पावलाला शिरा दाबून रक्त वर ढकलत असतात. तुम्ही एकदम थांबून ताठ उभे राहिलात तर हे ढकलणं बंद पडतं, पण स्नायूंच्या धमनिका अजून उघड्याच असतात, कारण रसायनं धुऊन जायला वेळ लागतो. रक्त पायांत साठतं, दाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. शर्यतीत शेवटची रेषा ओलांडून दोन पावलांवर कोसळणाऱ्यांपैकी अनेकांचं हेच होतं. अशा माणसाला उभं करण्याचा प्रयत्न करू नका. झोपवून पाय वर उचला, बहुधा लवकर शुद्धीवर येतो. लवकर सावरला नाही किंवा अंग भाजल्यासारखं तापलेलं असेल तर कारण दुसरं आहे आणि तातडीने दवाखाना गाठायला हवा. स्वतः धावत असाल तर शेवटची पाच ते दहा मिनिटं चालण्यासाठी राखून ठेवा.

दम शांत झाला म्हणजे वाहिन्या पूर्ववत झाल्या असं नाही. व्यायामानंतर पुढचे एक-दोन तास बहुतेकांचा रक्तदाब आधीपेक्षा थोडा कमी असतो, कारण स्नायूंच्या धमनिका अजून काहीशा सैल असतात. त्याच वेळी कढत पाण्याने अंघोळ केली तर त्वचा उघडते, आणि लगेच भरपेट जेवलात तर आतडंही. तिन्ही ठिकाणच्या वाहिन्या एकदम रुंदावल्या आणि घामाने रक्तातलं पाणी कमी झालेलं असलं की न्हाणीघरातून बाहेर येताना चक्कर येण्याची शक्यता सर्वांत जास्त. आधी पाणी प्या, सोबत काही खारट घ्या, अंग निवू द्या, मग कोमट पाण्याने अंघोळ करा, आणि जेवण त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने.